मुका मार

मराठीत एक शब्द आहे, ‘मुका मार’. रक्त नाही, फाटलेली कातडी नाही, वरून काही दिसत नाही, पण आत माणूस ठेचला गेलेला असतो. असा मार बोलत नाही, म्हणून तो मुका. पोलीस कोठडीतला मार बहुतेक असाच असतो. तो मुका राहतो की बोलतो, हे एका साध्या कागदावर अवलंबून असते. तो कागद म्हणजे डॉक्टरचा तपासणी अहवाल. श्रोतेहो, आज त्या कागदाविषयी बोलायचे आहे.

आपल्या भागातलीच गोष्ट घेऊ. देसाईगंज, म्हणजे वडसा, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. 1972 साली गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता आणि वडसा चंद्रपूर जिल्ह्यातच होते. त्या वर्षी 26 मार्चला मजुरी करणाऱ्या एका पोरक्या आदिवासी मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात बोलावण्यात आले. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. रात्री साडेदहापर्यंत जबाब संपले आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगून तिला आत ठेवण्यात आले. दिवे मालवले गेले, दार लागले. बाहेर नातलग हाका मारत होते, लोक जमले. ती बाहेर आली तेव्हा तिने सांगितले की एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्या पोलिसाने अंगाशी झोंबाझोंबी केली. जमाव चिडला होता, म्हणूनच तिची फिर्याद त्या रात्री लिहिली गेली.

आता घड्याळाकडे पाहा. तिची वैद्यकीय तपासणी झाली 27 मार्चला रात्री आठ वाजता, म्हणजे वीसएक तासांनी. अहवालात लिहिले गेले की अंगावर जखम नाही. शिवाय तिला पूर्वी शरीरसंबंधाचा अनुभव असावा, हेही लिहिले गेले. पुढची सहा वर्षे या दोन नोंदींनीच खटला चालवला, असे म्हटले तरी चालेल. 1974 साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. 1976 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा केली. खंडपीठाचे म्हणणे असे की ठाण्यात, रात्री, खाकीपुढे गप्प राहणे म्हणजे संमती देणे नव्हे. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. हाच तो ‘मथुरा खटला’.

1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक कडक गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध झाल्याचे सिद्ध असेल आणि आपली संमती नव्हती असे बाई न्यायालयात सांगत असेल, तर संमती नव्हतीच असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले. पूर्वीच्या शरीरसंबंधाचा अंदाज काढणारी ती दोन बोटांची तपासणी करू नये, हे मात्र सर्वोच्च न्यायालयाला 2013 साली आणि पुन्हा 2022 साली सांगावे लागले.

या खटल्यातून मी एक गोष्ट शिकलो. ‘जखम नाही’ याचे दोन अर्थ होतात. एक, जखम झालीच नाही. दुसरा, पाहिले तेव्हा दिसली नाही. कागदावर दोन्ही अर्थ एकाच वाक्यात मावतात.

मुका मार शरीरावर कसा वागतो ते डॉक्टरांकडून समजून घेण्यासारखे आहे. वळ आधी लाल असतो, मग निळा-काळा होतो, पाच-सहा दिवसांनी हिरवट, आठवड्यानंतर पिवळसर, आणि पंधरा दिवसांत बहुधा निघून जातो. या रंगांवरून मार साधारण कधी बसला असेल याचा अंदाज बांधता येतो, तोही ढोबळच. खोल मार पहिल्या दिवशी दिसतही नाही. एक-दोन दिवसांनी वर येतो. सावळ्या कातडीवर हे रंग कमी उमटतात. तळपायाची कातडी जाड, तिथला मार सहज नजरेत येत नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या आणि अनवाणी चालणाऱ्या आमच्या माडिया-गोंड माणसाला कपडे न काढता, उजेडात न घेता तपासले, तर अहवालात ‘जखम नाही’ हेच येणार.

म्हणून कायद्याने घड्याळाला बांधून घेतले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम 53 प्रमाणे अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरने माणसाला तपासायचे असते. अंगावर जखमा, माराच्या खुणा असतील तर त्या आणि त्या साधारण केव्हा झाल्या, हे लिहायचे असते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे या अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा तो सांगेल त्या व्यक्तीला द्यायची असते. ही प्रत मागणारा मला क्वचितच भेटला आहे. कोठडी लांबली तर दर 48 तासांनी पुन्हा तपासणी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली डी. के. बसू खटल्यात सांगितले. पहिल्या अहवालात जखम नाही आणि दुसऱ्यात आहे, तर ती मधल्या काळात, कोठडीतच झाली, हे कागद स्वतःच सांगतो.

दुसरा थांबा न्यायदंडाधिकाऱ्याचा. अटकेपासून 24 तासांत माणसाला त्यांच्यापुढे उभे करायचे, मात्र प्रवासाचा वेळ त्यातून वगळला जातो. चंद्रपूर शहरात हा वेळ मिनिटांचा असतो. भामरागड-सिरोंच्याच्या जंगलात, पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असताना, तो किती धरायचा? म्हणून अटक-पंचनाम्यावरची तारीख आणि वेळ नातलगांनी पाहून ठेवावी. पुढचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो. न्यायदंडाधिकारी विचारतात, “काही तक्रार आहे का?” प्रश्न मराठीत असतो, उत्तर देणाऱ्याची भाषा माडिया असते, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलायचे तेच मागे उभे असतात. तो मान हलवतो. कागदावर येते, ‘तक्रार नाही’. अशा वेळी वकिलाने, वकील नसेल तर विधी सेवेच्या मोफत वकिलाने, दुभाषा मागावा, पोलिसांना बाहेर थांबवण्याची विनंती करावी आणि पुन्हा तपासणीचा अर्ज लेखी द्यावा. तोंडी विनंतीचा मागमूस राहत नाही.

आणि माणूस मेलाच तर? अशा वेळी काय होते हे परभणीच्या प्रकरणात पावलापावलाने दिसते. डिसेंबर 2024 मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि बंदला हिंसक वळण लागले. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि 15 डिसेंबरला मृत्यू. त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, तेच ‘नाही’. पण शवविच्छेदनाने वेगळे सांगितले: अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू. मुका मार मेल्यानंतर बोलला.

कोठडीत मृत्यू झाला, माणूस नाहीसा झाला किंवा बलात्काराचा आरोप झाला, तर पोलिसांच्या तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झालीच पाहिजे. 2005 सालच्या दुरुस्तीने हे कायद्यात आले, आता ते कलम 196 मध्ये आहे. चोवीस तासांत मृतदेह सिव्हिल सर्जनकडे किंवा सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडे जायला हवा. शक्य तिथे नातलगांना कळवून चौकशीच्या वेळी हजर राहू द्यावे लागते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे आणि मृत्यूची खबर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला जावी, ही आयोगाची नव्वदच्या दशकापासूनची सूचना आहे. मृतदेह ताब्यात घेण्याची घाई नातलगांनी करू नये, ती याचसाठी. पाठ आणि तळपाय चिरून पाहिले का, हे आधी विचारावे. अंत्यविधीनंतर ते विचारून उपयोग नसतो.

परभणीत अशी चौकशी झाली. अहवालात पोलिसांवर ठपका आला आणि त्यावरून राज्य मानवी हक्क आयोगाने नोटिसा काढल्या. तरी पोलिसांवर गुन्हा दाखल होईना. इथे कायद्यातली एक फट दिसते. न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी हा खटला नव्हे. तिचा अहवाल आल्यावर पुढे कुणी काय करायचे, हे कलमात लिहिलेले नाही. मृताच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले. खंडपीठाने 4 जुलै 2025 रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मृत्यूपासून फिर्यादीपर्यंत सात महिने गेले.

‘फिर्याद’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. ही हाक कुठे मारायची? ठाणे ऐकत नसेल तर पोलीस अधीक्षकांना टपालाने, लेखी. पोचपावती जपून ठेवावी. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी नागपूर खंडपीठ. मानवी हक्क आयोगाकडे साध्या अर्जानेही जाता येते, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. आणि आयोग शिफारस करतो, शिक्षा करीत नाही. यांतल्या प्रत्येक अर्जात पहिल्याच दिवशी एक ओळ घालावी: ठाण्याच्या कॅमेऱ्यांचे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे चित्रण जपून ठेवावे. ते किमान वर्षभर ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली परमवीरसिंग सैनी खटल्यात सांगितले आहे. मागणी लेखी असली, तर ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तरही कुणाला तरी सहीनिशी द्यावे लागते.

देसाईगंजच्या त्या मुलीजवळ यातले काही नव्हते. तिच्या नावाने कायदा बदलला, पण तिचा खटला मात्र हरलेलाच राहिला. वळ पंधरा दिवसांत निघून जातो; त्याच्या आत तो कागदावर उतरवून घ्यायचा असतो.