करार संपतो तेव्हाचा निरोप

कराराचे नूतनीकरण न झालेल्या सहकाऱ्याचा निरोप हा निवृत्तीच्या किंवा बदलीच्या निरोपापेक्षा वेगळा असतो. निवृत्तीची तारीख कित्येक वर्षे आधीपासून ठाऊक असते. बदली झालेल्याची दुसऱ्या गावातली खुर्ची ठरलेली असते. करार संपलेल्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते, आणि निरोप देणाऱ्यांपैकी काहींचा स्वतःचा करारही तितकाच तात्पुरता असतो. त्यामुळे अशा प्रसंगी बोलणे चटकन दोन बाजूंना घसरते. एक तर कोणावर तरी ठपका येतो, नाहीतर जाणाऱ्याची कीव होते.

करार न वाढणे म्हणजे शिक्षा नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. महाराष्ट्रातील शासकीय योजनांत कंत्राटी नेमणूक बहुधा 11 महिन्यांची असते. मुदत संपली की एखाद-दुसऱ्या दिवसाचा खंड देऊन नवा आदेश निघतो, किंवा निघत नाही. पद मंजूर न होणे, निधी न येणे, योजनाच बंद होणे ही कारणे कामाच्या दर्जाशी संबंधित नसतात. कायद्याचा दृष्टिकोनही असाच आहे. औद्योगिक विवाद कायद्यात 1984 मध्ये झालेल्या दुरुस्तीने, मुदतीचा करार संपून नोकरी थांबणे हे कामगार छाटणीच्या व्याख्येतून वगळले गेले. ही तरतूद योग्य की अयोग्य हा वाद स्वतंत्र आहे आणि तो संघटनेच्या बैठकीत किंवा न्यायालयात लढवता येतो. निरोपाच्या अर्ध्या तासात तो सुटत नाही, उलट जाणाऱ्या माणसाला त्या वादातला पुरावा बनवून टाकतो.

ठपका आणि कीव या दोन्ही गोष्टी वाक्याच्या घडणीतच लपलेल्या असतात. ‘त्यांना काढून टाकलं’ या वाक्यात काढणारा कोणी तरी आहे आणि काढण्याजोगे काही तरी घडले असावे, असा संशयही आहे. ‘त्यांच्यावर ही वेळ आली’ या वाक्यात माणूस काहीच करत नाही, त्याच्यावर फक्त काही तरी कोसळते. ‘त्यांचा करार 31 मार्चला संपतो’ हे वाक्य फक्त घडले ते सांगते. कीव टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय व्याकरणातच सापडतो: निरोपाच्या प्रत्येक वाक्यात जाणारा माणूस कर्ता असावा. त्याने काय केले, काय बदलले, कोणाला काय शिकवले, एवढेच सांगायचे.

नमुन्यादाखल तालुक्याच्या एका ग्रामीण रुग्णालयातील प्रयोगशाळा तंत्रज्ञ घेऊ. तिने चार वर्षे काम केले आहे, वय पस्तिशीचे आहे आणि सगळे तिला ताई म्हणतात. नवा आदेश येणार नाही, हे शेवटच्या आठवड्यात कळते. सहकाऱ्यांपैकी तिच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीने पहिल्यांदा तिलाच एकांतात विचारावे: निरोपाचा कार्यक्रम चालेल का, कोण असावे, कोणी बोललेले नको आहे का. तिने नको म्हटले, तर चहा आणि पत्र एवढ्यावर थांबावे. लेखी कार्यमुक्तीचा आदेश हातात पडेपर्यंत वर्गणी काढू नये, कारण शेवटच्या दिवशी मुदतवाढ आल्याची उदाहरणेही असतात, आणि मग सगळ्यांनाच अवघडल्यासारखे होते.

वेळ दुपारच्या जेवणाची ठेवावी. संध्याकाळी ठेवल्यास लोक घरी जायच्या घाईत असतात. शाल-श्रीफळ निवृत्तीला शोभते. पस्तिशीतल्या माणसाला ते दिले, तर जणू त्याची कारकीर्दच संपली, असे वाटते. मोठ्या रकमेचे पाकीटही मदतीसारखे दिसते. वर्गणी सर्वांची सारखी आणि छोटी असावी आणि त्यातून उपयोगाची एखादी वस्तू घ्यावी. बोलणारे दोघेच पुरेत, आणि दोघांनी मिळून दहा मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नये. साहेबांना बोलवायचे असेल तर ‘वरून आदेशच नव्हता’ हे स्पष्टीकरण तिथे नको, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

पत्रात काय लिहायचे हे ठरवताना एकच प्रसंग निवडावा आणि तो तपशिलासह लिहावा. या ताईंच्या बाबतीत पत्र असे होऊ शकते:

‘ताई, तुमचा इथला करार या महिनाअखेर संपतो. तुम्ही आलात तेव्हा रक्ताचे रिपोर्ट चार वाजता मिळायचे आणि वाड्यांवरच्या रुग्णांची एसटी चुकायची. तुम्ही नमुने सकाळी साडेआठला घ्यायला सुरुवात केलीत आणि एकच्या आत रिपोर्ट द्यायला लागलात. ती वेळ आम्ही मोडणार नाही. नोंदवहीतली लाल-निळ्या शाईची पद्धत तुम्ही घालून दिलीत, तीही तशीच राहील. रात्री-अपरात्री स्लाइडबद्दल शंका आली तर आम्ही तुम्हालाच फोन करणार आहोत.’

या पत्रात करार संपल्याची गोष्ट एकदाच आणि सरळ सांगितली आहे. ती लपवली असती किंवा ‘स्वेच्छेने पुढे जात आहेत’ असे लिहिले असते, तर सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट खोटी ठरली असती. ‘याहून चांगली नोकरी मिळेल’ हे पत्रात नाही, कारण ते कोणाच्या हातात नाही. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हेही नाही, कारण तसे म्हणण्याचा अधिकार फक्त ताईंना आहे. घरचे कर्ज आणि मुलांच्या फीचा उल्लेखही नाही. शेवटच्या वाक्यात सहकारी त्यांना काही देत नाहीत, उलट काही मागतात. मदत मागितली जाते तिथे कीव उरत नाही.

निरोपाइतकेच महत्त्व कागदांना आहे. अनुभव प्रमाणपत्रात पदाचे नाव, कामाचे स्वरूप आणि रुजू झाल्यापासून कार्यमुक्त होईपर्यंतच्या तारखा असाव्यात. दोन करारांमधल्या खंडाच्या नोंदीही बरोबर असाव्यात, कारण पुढच्या मुलाखतीत त्यांवर प्रश्न येतो. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर नोकरी सोडल्याची तारीख त्या खात्यात भरली गेली आहे का, हे लेखा विभागातल्या सहकाऱ्याने पाहावे. ती राहून गेली तर पैसे काढताना अडचण येते. ‘नो ड्यूज’च्या सह्यांसाठी एकाने बरोबर फिरावे. कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून त्याच संध्याकाळी नाव काढणे हा मात्र सर्वांत जिव्हारी लागणारा निरोप असतो. कामाच्या ग्रुपमधून कधी बाहेर पडायचे ते ताईंना ठरवू द्यावे.

निरोप चुकला हे ओळखण्याची खूण सोपी आहे. जाणारा माणूसच इतरांचे सांत्वन करू लागला, ‘अहो, होईल काही तरी’ असे त्यालाच म्हणावे लागले, तर बोलणाऱ्यांनी आपले ओझे त्याच्या डोक्यावर ठेवले असे समजावे. निरोप जमला असेल, तर तो आपल्या कामाविषयी बोलतो, एखादी सूचना देतो, यंत्राच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगतो. मराठी घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कार्यालयातून निघणाऱ्यालाही तसे म्हणता यावे, एवढे सहकाऱ्यांना करता येते.