नवे इअरबड्स, जुना फोन: बॉक्सवर 'ब्लूटूथ ५.३' असूनही आवाज का अडखळतो?

इअरबड्सच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरांत 'ब्लूटूथ ५.३' लिहिलेलं असतं. खाली 'हाय-रेझ', 'लो लेटन्सी', 'एलई ऑडिओ' असे शिक्के असतात. मित्राच्या नव्या फोनवर ते मस्त वाजतात. पण तुमच्या सहा-सात वर्षं जुन्या फोनला जोडले की गाणं मध्येच तुटतं, गेममध्ये गोळी आधी सुटते आणि तिचा आवाज नंतर येतो. कॉलवर बोलताना आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो.

मग एकतर इअरबड्स खराब म्हणून परत पाठवले जातात, नाहीतर चांगला चालणारा फोन बदलायचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात यातल्या काही तक्रारी सेटिंगमधून सुटतात आणि काही कधीच सुटत नाहीत. कोणती तक्रार कुठल्या प्रकारात मोडते हे कळलं, तर पैसे वाचतात.

बॉक्सवरचा आकडा नेमकं काय सांगतो?

ब्लूटूथ म्हणजे खरं तर दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत. एक जुनी, तिला 'क्लासिक' म्हणतात. दुसरी कमी बॅटरी खाणारी 'लो एनर्जी', जी २०१० मध्ये ४.० आवृत्तीबरोबर आली. स्मार्टवॉच किंवा फिटनेस बँड प्रामुख्याने दुसरी पद्धत वापरतात. इअरबड्समध्ये गाणी मात्र आजही बहुतेक वेळा क्लासिकवरूनच जातात.

५.० आवृत्तीत 'दुप्पट वेग, चौपट अंतर' अशी जाहिरात झाली, ती लो एनर्जीबद्दल होती. क्लासिकचा कमाल वेग २००४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून तोच आहे: कागदावर सेकंदाला ३ मेगाबिट, प्रत्यक्षात साधारण २. म्हणजे तुमच्या फोनमध्ये ४.२ असो वा मित्राच्या फोनमध्ये ५.३, गाणं ज्या रस्त्याने जातं त्याची रुंदी सारखीच आहे.

नवी चिप आणि चांगला अँटेना असेल तर सिग्नल अधिक टिकतो, हे खरं. पण तो गुण त्या विशिष्ट चिपचा आणि अँटेनाचा असतो, आवृत्तीच्या आकड्याचा नाही.

याला एक अपवाद आहे, 'एलई ऑडिओ'. यात गाणी आणि कॉल लो एनर्जीवरून जातात आणि एलसी३ नावाचा नवा कोडेक वापरला जातो. त्यासाठी फोनमध्ये किमान ५.२ आवृत्तीची आणि ही सोय असलेली चिप लागते. अँड्रॉइडमध्ये त्याचा आधार २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून आला. ४.२ वाल्या फोनवर हे कुठल्याही अपडेटने येणार नाही, कारण मर्यादा चिपमध्येच आहे.

मग फरक कशामुळे पडतो?

फरक पडतो कोडेकमुळे. गाणं हवेतून पाठवण्याआधी फोन ते दाबून लहान करतो आणि इअरबड्स ते पुन्हा उलगडतात. हे दाबण्या-उलगडण्याचं सूत्र म्हणजे कोडेक. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट जागा घेतं. एसबीसी हा कोडेक ते चांगल्या दर्जाच्या सेटिंगमध्ये साधारण ३२८ किलोबिटवर आणतो, म्हणजे पाव भागाच्याही खाली.

क्लासिकवरून गाणी वाजवणाऱ्या प्रत्येक फोनला आणि इअरबडला एसबीसी यावाच लागतो, तसा नियम आहे. एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक हे बाकीचे ऐच्छिक. त्यातला कुठलाही वापरायचा तर तो दोन्हीकडे हवा. एकाला मराठी-हिंदी येते, दुसऱ्याला हिंदी-कन्नड, तर गप्पा हिंदीतच होणार. इथेही तसंच.

एक उदाहरण

समजा, फोन २०१८ चा आहे. त्यात अँड्रॉइड ८.१ आणि ब्लूटूथ ४.२ आहे, आणि त्याला एसबीसी, एएसी व ॲप्टएक्स येतात. नवे इअरबड्स ब्लूटूथ ५.३ चे असून त्यांना एसबीसी, एएसी, एलडॅक आणि एलसी३ येतात.

जोडणी होताना फोन विचारतो, 'तुला काय काय येतं?' इअरबड्स यादी देतात. दोन्ही याद्यांत सामायिक असतात फक्त एसबीसी आणि एएसी. अँड्रॉइड पसंतीक्रमात एएसीला एसबीसीच्या वर ठेवतं, म्हणून एएसी निवडला जातो.

म्हणजे ज्या एलडॅकसाठी जास्त पैसे मोजले, तो या फोनवर कधी सुरूच होत नाही. फोनमधला ॲप्टएक्स इअरबड्सना कळत नाही. एलसी३ साठी लागणारी चिप फोनमध्ये नाही. इअरबड्समध्ये बिघाड नाही, पण त्यांची निम्मी वैशिष्ट्यं इथे झोपलेली आहेत.

आणखी एक गोष्ट. एएसीमध्ये गाणं दाबण्याचं काम एसबीसीपेक्षा जड असतं आणि वेगवेगळ्या अँड्रॉइड फोनमध्ये ते वेगवेगळ्या दर्जाचं होतं. त्यामुळे काही जुन्या फोनवर 'साधा' एसबीसीच जास्त सुरळीत वाजतो.

कोणता कोडेक चालू आहे, हे कसं बघायचं?

अँड्रॉइड ८ किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंगमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर जा आणि Build number वर सात वेळा टॅप करा. Developer options हा विभाग उघडतो. इअरबड्सवर गाणं सुरू ठेवून तिथे Bluetooth Audio Codec बघा. SBC, AAC, LDAC यांपैकी जो चालू आहे तो दिसेल. तुम्ही LDAC निवडलं आणि फोन पुन्हा SBC किंवा AAC वर आला, तर तो दोन्हीकडे नाही असं समजा.

बऱ्याच फोनमध्ये याहून सोपी वाट आहे. ब्लूटूथच्या यादीत इअरबड्सच्या नावाशेजारच्या चाकावर टॅप करा. HD audio नावाचं बटण असेल तर ते बंद करा. फोन एसबीसीवर येतो.

आयफोनवर असा पर्याय नाही. तिथे एएसी किंवा एसबीसी एवढंच चालतं. एलडॅकचा शिक्का असलेले इअरबड्स आयफोनसाठी घेणाऱ्यांना त्या शिक्क्याचा उपयोग होत नाही.

आवाज तुटतो, तेव्हा दोष कुणाचा?

यासाठी तीन छोट्या चाचण्या पुरतात. आधी एक गाणं डाउनलोड करून घ्या, म्हणजे इंटरनेटचा प्रश्न मध्ये येणार नाही.

पहिली चाचणी: वाय-फाय बंद करून गाणं वाजवा. तुटणं थांबलं, तर वाय-फाय आणि ब्लूटूथ एकमेकांच्या पायात पाय घालत होते. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि अनेक स्वस्त फोनमध्ये दोघांना एकच अँटेना असतो. फोन आणि राउटर दोन्हींत सोय असेल तर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

दुसरी चाचणी: फोन हातात धरा, मग पँटच्या मागच्या खिशात ठेवा. फक्त खिशातच तुटत असेल तर अडचण सिग्नलची आहे. आपल्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. अशा वेळी एलडॅक वापरत असाल तर तो खालच्या दर्जावर आणा. त्याचा वरचा दर्जा सेकंदाला ९९० किलोबिट मागतो, म्हणजे उपलब्ध वेगाच्या जवळजवळ निम्मा. हरवलेला तुकडा पुन्हा पाठवायला मग फारशी सवड राहत नाही. ३३० किलोबिटवर ती राहते.

तिसरी चाचणी: HD audio बंद करून, म्हणजे एसबीसीवर, तेच गाणं ऐका. आता सुरळीत वाजलं तर फोनला आधीचा कोडेक झेपत नव्हता. स्क्रीन बंद झाल्यावरच तुटत असेल, तर म्युझिक ॲपवरचं बॅटरी सेव्हरचं बंधन काढून बघा.

तिन्ही चाचण्यांत फरक पडला नाही आणि हेच इअरबड्स दुसऱ्या फोनवरही तुटत असतील, तरच इअरबड्सवर संशय घ्या.

गेममध्ये आवाज मागे का राहतो?

दाबणं, पाठवणं, उलगडणं यात वेळ जातो. शिवाय तुकडा हरवला तर सावरता यावं म्हणून इअरबड्स थोडा आवाज साठवून मगच वाजवतात. सगळं मिळून साध्या कोडेकवर साधारण पाव सेकंदाच्या आसपास उशीर होतो. व्हिडिओचं ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवतं, म्हणून सिनेमात सहसा कळत नाही. गेममध्ये बोट दाबल्यावर चित्र लगेच हलतं, त्याला थांबवून चालत नाही. म्हणून तिथे उशीर उघडा पडतो.

इअरबड्समधला 'गेम मोड' बहुतेक वेळा हा साठा कमी करतो. उशीर घटतो, पण सिग्नल कमकुवत असलेल्या जुन्या फोनवर आवाज जास्त तुटतो. गेम मोड लावल्यापासून आवाज फुटू लागला असेल, तर गाणी ऐकताना तो बंद ठेवा.

कॉलवर आवाज का बसतो?

माइक सुरू झाला की इअरबड्स गाण्याची पद्धत सोडून कॉलच्या पद्धतीवर जातात आणि तिथले कोडेक वेगळे असतात. जुना सीव्हीएसडी सेकंदाला ८ हजार नमुने घेतो, साध्या लँडलाइनसारखा. नंतर आलेला एमएसबीसी १६ हजार घेतो. फोनला एमएसबीसी येत नसेल तर कितीही महागडे इअरबड्स जुन्याच दर्जावर उतरतात. गेममध्ये व्हॉइस चॅट सुरू करताच सगळाच आवाज बसतो, त्याचंही कारण हेच. फोनचाच माइक वापरायची सोय ॲपमध्ये असेल तर ती निवडा.

जोडले, पण आवाजच नाही?

काही नवे इअरबड्स ब्लूटूथच्या यादीत दोनदा दिसतात. त्यातल्या एका नावाआधी LE लिहिलेलं असतं. जुन्या फोनवर ते नाव निवडलं, तर 'कनेक्टेड' दिसूनही गाणं वाजत नाही. दोन्ही नावं काढून टाका, इअरबड्स पुन्हा पेअरिंगला लावा आणि LE नसलेलं नाव निवडा. इअरबड्सच्या ॲपमध्ये एलई ऑडिओ सुरू असेल तर तो बंद करा.

खरेदीआधी काय बघायचं?

आवृत्तीच्या आकड्याआधी कोडेकची यादी बघा आणि ती फोनच्या यादीशी ताडून घ्या. वरच्या उदाहरणातल्या फोनला एसबीसी आणि एएसी चांगले वाजवणारे साधे इअरबड्स पुरतात. एलडॅक किंवा एलई ऑडिओसाठी जास्तीचे पैसे तेव्हाच द्या, जेव्हा वर्षभरात फोन बदलायचा बेत पक्का असेल. नवा फोन घेतानाही नुसतं '५.२' किंवा '५.३' वाचून थांबू नका. त्या मॉडेलच्या माहितीत एलई ऑडिओचा स्पष्ट उल्लेख आहे का ते बघा, कारण ५.२ आवृत्तीतही ही सोय देणं फोन बनवणाऱ्याला बंधनकारक नाही.