वांग्याच्या पानावरील खुणा : रोग की कीड?

वांग्याचे पान पिवळे पडले की रोगच आला, ही समजूत बागाईतदारांत इतकी दृढ आहे, की पान उलटून पाहण्यापूर्वीच बुरशीनाशकाची फवारणी मुक्रर होते. वस्तुतः उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पानाच्या वरच्या बाजूस सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके उमटून सारे पान हळूहळू निस्तेज होत जाते, तेव्हा त्याचे कारण बहुधा लाल कोळ्याने पानाच्या खालून चालवलेले रसशोषण हे असते. हा आठ पायांचा प्राणी शास्त्रतः कीटकही नव्हे, आणि लांबीला जेमतेम अर्धा मिलिमीटर असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो धूळच भासतो. खातरजमा करायची, तर संशयित पान पांढऱ्या कागदावर झटकावे. त्यावर पडलेले कण क्षणभराने चालू लागले, किंवा दसपट भिंगातून पानाच्या पाठीवर बारीक जाळे व गोल अंडी दिसली, की बुरशीवरचा आरोप रद्द समजावा.

येथे गंधकाने मोठा घोटाळा केला आहे. पाण्यात मिसळणारे गंधक भुरी रोगावर चालते तसेच कोळ्यावरही चालते. म्हणून ते फवारल्यावर पीक सुधारले, एवढ्यावरून रोगच होता असा फैसला देता येत नाही. याच्या उलट, सरसकट तीव्र कीटकनाशके मारल्यास कोळ्यांना खाणारे मित्रजीव आधी मरतात आणि कोळी पुष्कळदा वाढतात.

पानावरील पांढरी नागमोडी रेघ हा विषाणूचा प्रताप, असेही ऐकू येते. ती रेघ म्हणजे नागअळीने पानाच्या दोन त्वचांमधील हिरवा गर खात पोखरलेला बोगदा होय. पान उजेडासमोर धरले, की रेघ एका टोकाला केसासारखी बारीक व दुसरीकडे रुंद होत गेलेली दिसते, कारण खाता खाता अळीही वाढत असते. आत विष्ठेची काळसर रेषा असते, आणि अळी अद्याप आत असेल तर रुंद टोकाशी तिचा पिवळसर देह आढळतो. टोक रिकामे असेल, तर अळी केव्हाच बाहेर पडली आहे. अशा जुन्या रेघेवर औषध उधळणे व्यर्थ, कारण ती पुसली जाणारच नाही.

पानाला पडलेले प्रत्येक छिद्र अळीचेच, हा तिसरा समज. अळीने कुरतडलेल्या भोकाची कड ताजेपणी हिरवी असते, आणि जवळपास काळसर विष्ठेच्या गोळ्या सापडतात. पर्णठिपक्याच्या रोगात मात्र वाळलेला मध्यभाग गळून छिद्र पडते, म्हणून त्याभोवती तपकिरी, कित्येकदा पिवळ्या वलयाची, कड उरते. जुनी कुरतडही कडेला तपकिरी होते, तेव्हा निर्णय एका छिद्रावरून न करता शेजारच्या पानांवर अजून न फुटलेले गोल डाग आहेत की नाहीत, ते आधी पाहावे.