जुने मशीन विकले, कर कुठे गेला?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशीनिंग करणारे अनेक छोटे कारखाने आहेत. त्यांतला एखादा भागीदारीतला कारखाना डोळ्यांसमोर आणू. शेडच्या कोपऱ्यात सोळा वर्षांचे सीएनसी टर्निंग मशीन आहे. सकाळी ते थंड असते, तेव्हा पहिल्या दोन-तीन जॉबचे माप बसत नाही. दुपारी स्पिंडल तापला की बोअर हळूहळू मोठा होऊ लागतो. ऑपरेटर दर तासाला प्लग गेज घालून पाहतो, ऑफसेट देतो आणि पुन्हा सायकल सुरू करतो. मधल्या वेळेत एखादा जॉब हातचा जातोच. ग्राहक त्या कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट पाठवतो.

नवे मशीन सगळ्या खर्चासह ३० लाखांना पडते. त्यावरच्या जीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणून तो इथे धरलेला नाही. जुन्याला व्यापारी ३ लाख द्यायला तयार आहे. मालकाच्या मनात दोन गोष्टी घोळत असतात. एक म्हणजे ‘वीस लाखांचं मशीन तीन लाखांत कसं द्यायचं?’ आणि दुसरी म्हणजे ‘या तीन लाखांवर कर किती बसेल?’

पहिल्या प्रश्नाचा या निर्णयाशी काहीही संबंध नाही. ते वीस लाख सोळा वर्षांपूर्वी गेले. मशीन ठेवले तरी ते परत येत नाहीत, विकले तरी येत नाहीत. ताळेबंदात मशीनची किंमत पाच लाख दिसत असेल आणि विकल्यावर दोन लाखांचा ‘तोटा’ लिहावा लागत असेल, तर तो तोटा कागदावरचा आहे. हातात येणार आहेत ते तीन लाख. केवळ या कागदी तोट्याच्या धास्तीने वर्षानुवर्षे रखडणारी मशीन पाहिली की वाईट वाटते, कारण खरा पैसा रोज डेबिट नोटांतून जात असतो.

दुसरा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे भारतातले उत्तर बऱ्याच पाठ्यपुस्तकांतल्या उत्तराहून वेगळे आहे. अमेरिकी धाटणीच्या पुस्तकात सरळ सांगितलेले असते की विक्रीच्या किमतीतून मशीनची घसारा जाऊन उरलेली किंमत वजा करा आणि फरकावर कर भरा. आपल्याकडेही पूर्वी साधारण असेच होते. प्रत्येक मशीनचा घसारा वेगळा मांडावा लागे आणि विक्रीत जास्त पैसे आले, तर तो त्या वर्षीचा धंद्याचा नफा ठरे. हे काम फार किचकट असल्याचे एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालच्या आर्थिक प्रशासन सुधारणा आयोगाने दाखवून दिले. १९८६ मध्ये कायदा बदलला आणि १९८८-८९ या कर निर्धारण वर्षापासून ‘ब्लॉक’ची पद्धत आली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यातही ही पद्धत कायम आहे.

ब्लॉक म्हणजे घसाऱ्याचा दर सारखा असलेल्या मालमत्तांचे एकच गाठोडे. सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के आहे. लेथ, ड्रिलिंग मशीन, कॉम्प्रेसर, सीएनसी ही सगळी एकाच गाठोड्यात पडतात. नवे मशीन घेतले की त्याची किंमत गाठोड्यात मिळवायची, जुने विकले की विक्रीचे पैसे त्यातून वजा करायचे. जे उरेल त्यावर १५ टक्के घसारा. आयकराच्या दृष्टीने जुन्या मशीनची स्वतंत्र किंमत उरतच नाही.

म्हणजे आपल्या मालकाच्या तीन लाखांवर त्या वर्षी थेट कर नाही. पण कर माफ झाला, असेही नाही. गाठोडे तीन लाखांनी हलके झाले, म्हणून पहिल्या वर्षी घसारा ४५ हजारांनी कमी मिळेल. भागीदारी संस्थेचा कर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के धरू. एक कोटीच्या आतल्या उत्पन्नाला अधिभार नसतो. तेव्हा पहिल्या वर्षी कर सुमारे १४ हजारांनी वाढेल, दुसऱ्या वर्षी १२ हजारांनी, आणि असा कमी कमी होत पुढची अनेक वर्षे तो चालू राहील. या सगळ्या रकमा १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणल्या तर बेरीज सुमारे ५२ हजार होते. मशीनची किंमत शून्य धरून तीन लाखांवर ताबडतोब कर बसला असता, तर ९३,६०० रुपये गेले असते. कर हप्त्यांनी आणि उशिरा जातो, एवढाच हा फरक. पण तो ४० हजारांहून अधिक रुपयांचा आहे.

एका ठिकाणी मात्र ही सवलत हातातून निसटते. समजा कारखान्याच्या ब्लॉकमध्ये हेच एक मशीन आहे. वीस लाखांवर सोळा वेळा १५ टक्के घसारा गेल्यावर ब्लॉकमध्ये दीड लाखाच्या जरा खाली रक्कम उरते. मालकाने जागा मोकळी करण्यासाठी मार्चमध्ये जुने मशीन तीन लाखांना विकले आणि नवे मे महिन्यात आले. ३१ मार्चला ब्लॉक रिकामा! वरचे दीड लाख अल्पमुदतीचा भांडवली नफा ठरतात आणि त्यावर सुमारे ४७ हजार रुपये कर लगेच भरावा लागतो. विक्री आणि खरेदी एकाच आर्थिक वर्षात झाली असती, तर हा कर लागलाच नसता. उलट बाजूही त्रासाची आहे. शेवटचे मशीन ब्लॉकपेक्षा कमी किमतीला गेले, तर उरलेली रक्कम अल्पमुदतीचा भांडवली तोटा होते आणि तो धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणून एकच मशीन असलेल्या माणसाने व्यापाऱ्याला तारीख देण्याआधी सीएला फोन करावा.

आपल्या उदाहरणात ब्लॉकमध्ये इतर मशीनही आहेत, असे धरून पुढे जाऊ. आता मुख्य हिशेब. इथे एकच प्रश्न विचारायचा असतो: मशीन बदलले तर आणि न बदलले तर, यांत रोकड किती वेगळी पडते? शेडचे भाडे दोन्हीकडे तेच, मालकाचा पगार तोच, सीएची फी तीच. ते सगळे बाजूला ठेवायचे. बँकेचा हप्ताही इथे येत नाही. पैशाची किंमत १२ टक्क्यांच्या दरात धरलेलीच आहे, हप्ता पुन्हा वजा केला तर व्याज दोनदा मोजले जाते.

आज हातातून जातात ३० लाख वजा ३ लाख, म्हणजे २७ लाख. ब्लॉकही नेमका तेवढाच वाढतो. वर्षाला बचत काय होईल? दिवसाला एक जॉब बाद होतो, त्याची डेबिट नोट ८०० रुपयांची, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे २ लाख ४० हजार. दुरुस्ती आणि सुटे भाग यांचे २ लाख ६० हजार, विजेचे ६० हजार. मशीन बंद पडले की ऑर्डर पूर्ण करण्यासाठी लागणाऱ्या ओव्हरटाइमचे २ लाख ४० हजार. एकूण आठ लाख.

हे आठ लाख पूर्ण हातात राहत नाहीत. खर्च वाचला म्हणजे नफा वाढला, आणि वाढलेल्या नफ्यावर ३१.२ टक्के कर. उरतात साडेपाच लाख. याउलट घसारा हा रोखीने जाणारा खर्च नाही, पण तो कर वाचवतो. २७ लाखांवर पहिल्या वर्षी ४ लाख ५ हजार घसारा, त्यामुळे कर सुमारे १ लाख २६ हजारांनी कमी. दोन्ही मिळून पहिल्या वर्षी ६ लाख ७७ हजार. पुढे घसारा दरवर्षी आटत जातो, म्हणून दुसऱ्या वर्षी ६ लाख ५८ हजार, असे करत पाचव्या वर्षी ६ लाख १६ हजार.

पाचव्या वर्षी आणखी एक रक्कम येते. नवे मशीन तेव्हा १२ लाखांना जाईल, असे धरू. पण जुने ठेवले असते, तर तेही तेव्हा भंगारात लाखभर रुपये देऊन गेले असते. तो लाख आज मशीन विकल्याने मिळणार नाही, म्हणून फरक ११ लाखांचा. वजा करायचा हा लाख हिशेबात हटकून विसरला जातो. तोवर जादा ब्लॉक घसाऱ्याने १२ लाखांच्या जरा खाली आलेला असतो. त्यातून ११ लाख वजा झाले की किरकोळ रक्कम उरते, म्हणून या विक्रीवरही वेगळा कर मांडावा लागत नाही.

हे सारे १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की बेरीज २९ लाख ६० हजारांच्या आसपास येते. घातलेले २७ लाख जाऊन २ लाख ६० हजार वर राहतात. मशीन बदलावे, असा कौल मिळतो.

यात तारखेचा थोडा खेळ आहे. नवे मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर त्याला पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. दसऱ्याच्या मुहूर्तासाठी थांबलेले मशीन ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाले, तर पहिल्या वर्षी ७० हजारांची करबचत लांबते. ती बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहते. उत्पादन करणाऱ्या उद्योगाला नव्या मशीनवर २० टक्के जादा घसाऱ्याचीही सोय आहे, पण सवलतीच्या दराने कर भरणाऱ्या कंपन्यांना ती मिळत नाही. ती वरच्या हिशेबात धरलेली नाही.

हा कौल सगळ्यात जास्त कशाने फिरतो, हे तपासले तर बोट कराकडे जात नाही. ते जाते त्या आठ लाखांकडे. बचत सात लाखांच्या जरा खाली आली की वर राहणारी रक्कम शून्य होते. आणि आठ लाखांतला ओव्हरटाइमचा आकडा सगळ्यात कच्चा आहे. डेबिट नोटा फायलीत असतात, सुट्या भागांची बिले असतात, विजेचा मीटर असतो. ओव्हरटाइम मात्र मशीन बंद पडल्यामुळेच झाला, की महिनाअखेरीला कास्टिंग उशिरा आल्यामुळे? दुसरे कारण असेल, तर नवे मशीन आले तरी ओव्हरटाइम चालूच राहील. मग बचत ५ लाख ६० हजारांवर येते आणि तोच व्यवहार सुमारे ३ लाख ३५ हजारांच्या तोट्यात जातो.

म्हणून व्यापाऱ्याला होकार देण्याआधी मालकाने दोन वह्या शेजारी ठेवायच्या. एक ओव्हरटाइमची हजेरी, दुसरी मशीनच्या दुरुस्तीची नोंद. ज्या आठवड्यांत स्पिंडल उघडला होता, त्याच आठवड्यांत माणसे रात्री थांबली होती का, हे गेल्या बारा महिन्यांच्या तारखा लावून पाहायला एक संध्याकाळ पुरते.