नेट मधेच अडकतंय? दोष घरात की कंपनीकडे, असं शोधा

स्पीड टेस्ट झकास, पण रात्री गेम आणि व्हिडिओ कॉल मधेच अडकतात. माझ्याकडे हेच व्हायचं. कारण होतं पॅकेट लॉस, म्हणजे डेटाचे काही तुकडे वाटेतच हरवणं.

सगळे डाउनलोड थांबवून मी विंडोज लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि आधी वाट पाहिली:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ राउटरची, दुसरी बहुतेक वेळा कंपनीच्या उपकरणाची. मग त्रास सुरू असतानाच राउटर, दुसऱ्या ओळीतला पत्ता आणि 8.8.8.8 (गुगल) या तिघांना वेगवेगळ्या विंडोत एकाच वेळी पिंग केलं:

```
ping -n 300 192.168.1.1
```

राउटरकडून ३०० पैकी ३०० उत्तरं आली. कंपनीच्या पत्त्यावर २० हरवली, गुगलवर २१. म्हणजे गळती राउटरच्या पुढे सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली. राउटर बदलूनही तेच दिसलं, तेव्हा दोष कंपनीच्या लाइनचा ठरला. वेळेसह स्क्रीनशॉट तक्रारीला जोडले.

एक लक्षात ठेवा: मधल्याच एखाद्या ओळीत * दिसले आणि पुढचं सगळं नीट असेल, तर तो लॉस नाही. बरेच राउटर अशा चाचणीला मुद्दाम कमी उत्तरं देतात.