सूर्य मावळला, तरी वाय-फाय मंदच

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून मामांचा फोन आला. "अरे, गच्चीवर सोलर बसवलं आणि तेव्हापासून घरातलं वाय-फाय मेलंय बघ. बसवणारा म्हणतो, इन्व्हर्टरमुळे एवढं डिस्टर्ब होणारच. मग काय, वीज हवी की नेट, यातलं एकच निवडायचं का?"

दोन दिवसांनी मी साताऱ्याला गेलो. माझ्या पिशवीत लॅपटॉप होता, लॅन केबल होती आणि घरातला जुना ट्रान्झिस्टर होता. ट्रान्झिस्टर पाहून मामी हसल्या, पण या कामात पहिलं उपकरण तेच. मीडियम वेव्हच्या रेडिओला विजेचा गोंगाट थेट ऐकू येतो, आणि आतल्या फेराइट कांडीवरच्या अँटेनामुळे रेडिओ फिरवत गेलं की तो गोंगाट कोणत्या बाजूने येतो हेही कळतं.

आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावलं आणि रेडिओ घरभर फिरवला. स्वयंपाकघरात निवेदिकेचा आवाज स्वच्छ होता. जिन्याखाली इन्व्हर्टर बसवलाय, तिकडे सरकलो तशी खरखर वाढली. दोन पावलांवर तर केंद्र पूर्ण बुडालं आणि उरली फक्त एकसुरी घरघर. गच्चीवरून खाली येणाऱ्या वायरींजवळही तेच झालं. "बघ, मी म्हणत होतो ना?" मामा म्हणाले. इन्व्हर्टर गोंगाट करतो, हे तोवर सिद्ध झालं होतं. मात्र तो गोंगाट वाय-फायच्या कानावर जातो का, हे अजून ठरायचं होतं.

हा गोंगाट येतो कुठून? मामांच्या गच्चीवर सहा पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली आहेत. त्यांची मिळून सुमारे अडीचशे व्होल्टची एकदिश वीज खाली येते. इन्व्हर्टरला तिची घरातली प्रत्यावर्ती वीज करायची असते, आणि ते काम तो विजेचे तुकडे पाडून करतो. आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला साधारण वीस हजार वेळा चालू-बंद होतात. चालूचं बंद व्हायला काही डझन नॅनोसेकंद पुरतात. इतक्या झटक्यात व्होल्टेज वर-खाली झालं की मूळ वीस किलोहर्ट्झबरोबर त्याच्या पटीतल्या शेकडो वारंवारता जन्माला येतात. एलईडी दिव्याच्या आतला ड्रायव्हर हेच लहान प्रमाणात करतो. मोबाईलचा चार्जर, टीव्ही आणि राउटरचा अडॅप्टर यांचीही जात तीच.

चांगल्या उपकरणात हा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून चोक आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. स्वस्त दिव्यात आणि निनावी चार्जरमध्ये पैसे वाचवण्यासाठी पहिल्यांदा तोच गाळला जातो. ही बचत काही रुपयांची असते आणि तिची किंमत शेजारच्या रेडिओला मोजावी लागते. मला हे मनापासून खटकतं.

सोलरमध्ये आणखी एक गोष्ट भर घालते, ती म्हणजे लांब वायरी. १५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी वीस मीटर असते आणि तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे पाच मीटरची वायरसुद्धा बऱ्यापैकी अँटेना होते. गच्चीपासून जिन्याखालपर्यंत मामांकडे बारा-तेरा मीटर वायर आहे. त्यातही धन आणि ऋण वायर वेगवेगळ्या बाजूंनी उतरवलेल्या होत्या, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये भलंमोठं वेटोळं तयार झालं होतं. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटून आणल्या असत्या तर त्यांची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना खोडून गेली असती.

आता वाय-फायकडे येऊ. त्याच्या वारंवारता २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या आसपास आहेत, म्हणजे २,४०० आणि ५,००० मेगाहर्ट्झ. चालू-बंद व्हायला ३० नॅनोसेकंद लागतात असं धरलं, तर साधारण १० मेगाहर्ट्झच्या पुढे गोंगाट वेगाने ओसरू लागतो. वारंवारता दुप्पट झाली की त्याचा जोर चौथाईवर येतो. १० वरून २,४०० मेगाहर्ट्झपर्यंत जायचं म्हणजे वारंवारता २४० पट होते, आणि २४० चा वर्ग ५७,६००. तिथे पोचेपर्यंत तो जोर मुळाच्या इतकावा भाग उरतो. प्रत्यक्षात ही घसरण इतकी गुळगुळीत नसते. तारांतल्या थरथरीमुळे मध्ये कुठे कुठे उंचवटे येतात आणि त्यातले काही एफएम रेडिओच्या पट्ट्यातही पोचतात. पण गिगाहर्ट्झच्या पल्ल्यात या तुकडे पाडण्याचा आवाज उरतच नाही म्हटलं तरी चालेल. इन्व्हर्टरच्या नियंत्रक पाटीवरच्या वेगवान चिप्स थोडा गोंगाट करतात, पण त्यांचा पल्ला वीतभराचा. राउटर मीटरभर दूर ठेवला की तो प्रश्न संपतो.

मग घरातल्या विजेमुळे इंटरनेट मंदावल्याच्या गोष्टी खोट्या आहेत का? नाहीत. फक्त दुखणं दुसरीकडे असतं. वेल्समधलं अबरहोसन हे गाव याचं उत्तम उदाहरण. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. ब्रिटनमधल्या दूरध्वनी तारांचं जाळं सांभाळणाऱ्या ओपनरीचच्या माणसांनी गावातली बरीच केबल बदलून पाहिली, तरी फरक पडला नाही. शेवटी अभियंते स्पेक्ट्रम अॅनालायझर घेऊन पहाटे सहाला भर पावसात गावात फिरले. बरोबर सात वाजता यंत्रावर गोंगाटाचा लोंढा उसळला. माग काढत ते एका घरापाशी पोचले. तिथला रहिवासी रोज त्या वेळी जुना, वापरलेला घेतलेला टीव्ही लावायचा. त्याला फार वाईट वाटलं आणि त्याने तो टीव्ही परत न लावण्याचं लगेच कबूल केलं. ही हकिकत २०२० च्या सप्टेंबरमध्ये बाहेर आली.

त्या टीव्हीने कुणाच्या वाय-फायला हात लावला नव्हता. गावात इंटरनेट येत होतं टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. या तारेवरचं ब्रॉडबँड प्रकाराप्रमाणे सुमारे २ ते १७ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतं. म्हणजे स्विचिंगचा गोंगाट जिथे सगळ्यात दांडगा, नेमकी तीच जागा. मोडेम या पट्ट्याचे शेकडो बारीक कप्पे करतो आणि ज्या कप्प्यात गोंगाट जास्त, तिथे कमी माहिती पाठवतो. गोंगाटाचा लोंढा मोठा असेल तर जोडणीच तुटते, मोडेम पुन्हा जुळवाजुळव करतो आणि सावधगिरीने आधीपेक्षा कमी वेग धरतो. घरातल्या माणसाला एवढंच दिसतं, की फोनवर वाय-फायची सगळी दांडकी भरलेली आहेत आणि पान उघडत नाही. मग तो म्हणतो, वाय-फाय मंद झालं. घरातल्याच विजेच्या तारांवरून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर वापरले तर हेच होतं, कारण तेही २ मेगाहर्ट्झपासून वरचे काही डझन मेगाहर्ट्झ वापरतात.

मामांकडे मात्र फायबर आहे. काचेच्या धाग्यातून जाणाऱ्या प्रकाशाला ही खरखर ऐकूच येत नाही. अबरहोसनच्या गोष्टीतून साताऱ्याला उपयोगी पडली ती 'सात वाजता' ही खूण. प्रत्येक गोंगाटाचं स्वतःचं घड्याळ असतं. टीव्हीचं घड्याळ मालकाच्या हातात होतं, इन्व्हर्टरचं सूर्याच्या हातात आहे. दोष इन्व्हर्टरचा असेल, तर सूर्य मावळल्यावर वाय-फाय सुधारायला हवं.

मी एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि मामेभावाचा लॅपटॉप वाय-फायवर घेऊन दिवाणखान्यातल्या एकाच खुर्चीत ठेवला. या दोघांमधला वेग मोजला की बाहेरच्या इंटरनेटचा चढउतार मोजणीत येत नाही. पहिल्या लॅपटॉपवर `iperf3 -s` चालू ठेवलं आणि दुसऱ्यावर हे:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 30
```

दुपारी एक वाजता, पॅनेल भरात असताना, वेग आला २४ मेगाबिट. संध्याकाळी साडेसातला जिन्याखाली रेडिओ नेला तर पुणे केंद्र स्वच्छ लागलं, म्हणजे इन्व्हर्टर झोपला होता. वाय-फाय पुन्हा मोजलं: २३. मामांनी तो आकडा स्वतः दोनदा मोजून घेतला.

इन्व्हर्टर सुटला. मग सोलर बसवण्याच्या दिवशी घरात आणखी काय बदललं होतं? राउटरच्या सेटिंगमध्ये गेलो आणि उत्तर सापडलं. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बंद होता. रोजची वीजनिर्मिती मोबाईलवर दाखवण्यासाठी इन्व्हर्टरला वाय-फायची एक छोटी कांडी लावतात. अशा बहुतेक कांड्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. मामांच्या राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होतं, त्यामुळे कांडी जोडताना अडचण आली असणार आणि बसवणाऱ्या मुलाने ५ चा पट्टा बंद करून काम भागवलं. त्या दिवसापासून घरातले सगळे फोन, टीव्ही आणि लॅपटॉप २.४ च्या गर्दीत कोंबले गेले. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या तीनच वाहिन्यांना जागा आहे, आणि मामांच्या गल्लीत माझ्या लॅपटॉपला चौदा राउटर दिसत होते.

शिवाय एक खरा गोंगाट करणारा तिथे निघालाच, पण भलत्याच ठिकाणी. सिनेमे ठेवायला मामेभावाने राउटरच्या यूएसबी ३.० जोडणीत हार्ड डिस्क लावली होती. ही जोडणी सेकंदाला पाच अब्ज बिट वाहते. तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर थेट सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये स्वतःच यावर एक टिपण काढलं होतं. यूएसबी ३.० मुळे त्या पट्ट्यातला पार्श्वगोंगाट जवळपास २० डेसिबेलने, म्हणजे शक्तीच्या मापात शंभर पटीने, वाढू शकतो असं त्यात दाखवलं आहे. डिस्क काढून मोजलं तर २४ चे ४१ मेगाबिट झाले. डिस्कची केबल जाड आवरणाची आणि थोडी लांब घेतली, डिस्क अँटेनापासून दूर ठेवली, तरी पुष्कळ फरक पडतो.

५ चा पट्टा चालू केला आणि त्याला वेगळं नाव दिलं. कांडी जुन्या नावावर २.४ लाच राहिली. त्याच खुर्चीत वेग गेला ३१० वर.

राहिला मीडियम वेव्हचा गोंगाट. दुसऱ्या दिवशी बसवणाऱ्या मुलाला बोलावलं. मुलगा समंजस होता. त्याने आधी प्रत्यावर्ती बाजूचा एमसीबी पाडला, मग एकदिश बाजूचा आयसोलेटर बंद केला. हा क्रम उलटा करायचा नसतो, कारण भार असताना एकदिश वीज तोडली की ठिणगी लांबते. उजेड असेपर्यंत पॅनेलच्या वायरींत व्होल्टेज असतंच, तेव्हा हे काम त्याचंच, घरच्यांनी हात घालायचं नाही. त्याने धन-ऋण वायरी एकाच पाइपातून उतरवल्या आणि इन्व्हर्टरजवळ दोन्हींवर मिळून फेराइटची कडी चढवली. कडीतून दोन्ही वायरींचे एकत्र तीन-चार वेढे जातील अशी मोठी कडी मिळाली तर उत्तम, कारण वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो.

दिव्यांच्या माळा लावायला बाहेर काढल्या तेव्हा मामींनी विचारलं, याही खरखरतात का? ब्रिटनच्या ऑफकॉमने २०१५ च्या डिसेंबरात वाय-फाय बिघडवणाऱ्या गोष्टींत नाताळच्या दिव्यांच्या माळा धरल्या होत्या आणि त्यावर बरीच चर्चा झाली होती. आम्ही प्रत्येक माळ लावून रेडिओ जवळ नेला. तीनमधल्या एका माळेच्या अडॅप्टरने पुणे केंद्र हातभर अंतरावरून गिळलं. त्याच माळेने वाय-फायचा आकडा हलला नाही, अगदी राउटरवर ठेवून पाहिली तरी. ती माळ मामांनी तरीही बाजूला काढली. शेजारचे आजोबा अजून रोज सकाळी रेडिओवर बातम्या ऐकतात, आणि त्यांची भिंत मामांच्या तुळशीवृंदावनाला लागून आहे.