रेषेचं नाव रेषेपाशीच

समजा, समोर कांद्याच्या वर्षभराच्या भावांचा आलेख आहे. लासलगाव, पुणे, सोलापूर, नागपूर अशा चार बाजारांच्या चार रंगीत रेषा, आणि कोपऱ्यात रंगांचा खुलासा करणारी चौकट, म्हणजे सूची. ऑक्टोबरात सर्वांत वर गेलेली रेषा कुठल्या बाजाराची? नजर रेषेवरून सूचीकडे जाते, रंग जुळवते, नाव वाचून परत येते. दुसऱ्या रेषेसाठी पुन्हा तोच हेलपाटा, आणि तोवर पहिला रंग डोक्यातून निसटलेला असतो. त्यात सूचीतली नावं बहुधा तक्त्यातल्या रकान्यांच्या क्रमाने लागतात, रेषा मात्र भावांप्रमाणे वरखाली संपतात. यादीत पहिलं असलेलं सोलापूर आलेखात तळाशी सापडू शकतं.

हा त्रास वाचकाला देण्याचं काहीच कारण नाही. रेषा जिथे संपते तिथेच, उजवीकडे, त्याच रंगात नाव लिहावं आणि सूची काढून टाकावी. ही युक्ती नवी नाही. विल्यम प्लेफेअरने 1786 साली इंग्लंडच्या डेन्मार्क-नॉर्वेशी चाललेल्या व्यापाराचा आलेख छापला, तेव्हा आयातीची रेषा कुठली आणि निर्यातीची कुठली, हे त्याने रेषांच्या अंगानेच लिहिलं होतं.

एक्सेलमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे. रेषेवर एकदा क्लिक केलं की सगळी रेषा निवडली जाते. मग शेवटच्या बिंदूवर पुन्हा क्लिक केलं की तेवढाच बिंदू उरतो. त्यावर उजवं क्लिक करून Add Data Label घ्यायचं. तिथे आधी आकडा उमटतो. लेबलाच्या पर्यायांत Value वरची खूण काढून Series Name वर करायची आणि जागा Right ठेवायची. नाव कापलं जात असेल, तर आलेखाची उजवी कड आत ओढून मोकळी जागा करायची. लेबल आकड्याला बांधलेलं राहतं, म्हणून भाव बदलला तरी नाव रेषेबरोबर सरकतं. वर मजकुराची चौकट चिकटवली तर ती मागेच राहते आणि चुकीच्या रेषेशेजारी उभी दिसते. ही चूक फार होते, आणि ती वाचकाला खोटी माहिती देते.

अडचण येते ती दोन बाजारांचे शेवटचे भाव जवळजवळ असले की. पुणे आणि नागपूर ही नावं एकमेकांवर चढतात. मग एक किंचित वर, एक किंचित खाली सरकवावं. तरी गोंधळ राहिला तर रेषा जिथे एकमेकींपासून लांब आहेत अशा मधल्या महिन्यात नाव लिहावं. फिकट पिवळ्या रेषेचं नाव पिवळ्यातच लिहिलं तर वाचता येत नाही, तिथे अक्षरांचा रंग गडद करावा. आणि दहा-बारा रेषांचा गुंता असेल, तर नावं लिहूनही तो सुटत नाही. तिथे छोटे छोटे वेगळे आलेख काढणंच बरं.

आलेख छापायला देण्याआधी त्याची एक काळी-पांढरी झेरॉक्स काढून पाहा. लासलगावची रेषा तिच्यात लगेच ओळखता आली, तरच तो छापायला द्या.